दहावी-बारावीनंतर काय? पत्रिकेतून बुध, गुरू आणि दशमेश कसे बघायचे (नवशिक्यांसाठी)

दहावीचा निकाल लागला की आमच्याकडे फोन सुरू होतात, "जरा पत्रिका बघ ना, सायन्सला घालू का कॉमर्सला". आणि दहातल्या आठ जणांनी आधीच कुठेतरी वाचलेलं असतं की बुध चांगला म्हणजे कॉमर्स, गुरू चांगला म्हणजे शिक्षक, मंगळ चांगला म्हणजे इंजिनिअर. एवढ्यावर निर्णय घ्यायचा असता तर पत्रिका मांडायची गरजच नव्हती हो. मी स्वतः सुरुवातीला हीच चूक केली. एका मित्राच्या मुलाचा बुध कन्येत बघितला, ठोकून सांगितलं की कॉम्प्युटरला घाला, आणि तो पोरगा दुसऱ्या वर्षानंतर इंजिनिअरिंग सोडून बसला. नंतर नीट बघितलं तर त्याच्या दशमेशाचा म्हणजे पत्रिकेतल्या दहाव्या घराच्या मालकाचा त्या बुधाशी काही संबंधच नव्हता, मी एक ग्रह बघितला आणि पत्रिका बघितलीच नाही. ते अजून मनाला लागतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

खाली पायऱ्या दिल्यात आणि त्याच पायऱ्या माझ्या भाचीच्या पत्रिकेवर लावून दाखवल्यात. शेजारी कागद घेऊन बसा.

आधी वेळ आणि लग्न पक्कं करा

जन्मवेळ हॉस्पिटलच्या कागदावरून घ्या, आजीच्या आठवणीवरून नको. लग्न म्हणजे जन्माच्या वेळी पूर्वेला उगवत असलेली रास, नवमांश म्हणजे प्रत्येक राशीचे नऊ भाग करून मांडलेली कुंडली आणि दशमांश म्हणजे दहा भाग करून. लग्नाचा एक अंश सरकायला साधारण ४ मिनिटं लागतात, नवमांशाचं लग्न साधारण १३ मिनिटांत बदलतं आणि दशमांशाचं १२ मिनिटांत. म्हणजे वेळेत पंधरा मिनिटांची चूक असेल तर राशीकुंडली बहुतेक तीच राहील पण दशमांश कुंडलीचं लग्न नक्की वेगळं येईल. मोबाईलवरच्या कुठल्याही चांगल्या ॲपमध्ये पत्रिका मांडा, अयनांश चित्रापक्ष म्हणजे लाहिरी ठेवा, आणि मग वेळ दहा मिनिटं मागे आणि दहा मिनिटं पुढे करून बघा काय काय बदलतं. जे बदलत नाही त्यावर भर द्यायचा, जे बदलतं ते बाजूला ठेवायचं. ही एक सवय लागली तर निम्म्या चुका तिथेच टळतात.

अजून एक, आपल्याकडच्या चौकोनी कुंडलीत घरात जे आकडे असतात ते राशींचे असतात, स्थानांचे नाही. वरचं मधलं घर हे नेहमी लग्न, मग तिथे आकडा कुठलाही असो. तिथून डावीकडे म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेने मोजत जायचं, डावीकडचं मोठं घर चौथं, खालचं सातवं आणि उजवीकडचं मोठं घर दहावं. नवीन लोक १० आकडा शोधतात आणि त्यालाच दशमस्थान समजतात, ती मकर रास असते.

दशमेश शोधा, आणि तो कुठे गेलाय ते बघा

दहाव्या घरातल्या राशीचा स्वामी तो दशमेश. पाठ करायची गरज नाही, तरी सोयीसाठी सांगतो: मेष आणि वृषभ लग्नाला शनी, मिथुन आणि मीन लग्नाला गुरू, कर्क आणि कुंभ लग्नाला मंगळ, सिंह आणि मकर लग्नाला शुक्र, कन्या आणि धनु लग्नाला बुध, तूळ लग्नाला चंद्र आणि वृश्चिक लग्नाला रवी. इथे लक्षात येईल की मिथुन, कन्या, धनु, मीन या चार लग्नांना दशमेश हा बुध किंवा गुरूच असतो आणि दुसरा त्यातला चौथ्याचा किंवा सातव्याचा मालक असतो, त्यामुळे या लग्नांच्या मुलांचं वाचन थोडं सोपं जातं. बाकी आठ लग्नांना तीन वेगवेगळे ग्रह सांधावे लागतात आणि खरं काम तिथेच आहे.

दशमेशाबद्दल मी क्रमाने चार गोष्टी लिहून काढतो. कुठल्या स्थानात बसलाय, कुठल्या राशीत म्हणजे कुणाच्या घरी पाहुणा आहे, त्याच्यासोबत कोण आहे आणि त्याच्यावर कुणाची दृष्टी आहे, आणि नवमांशात तो कुठल्या राशीत गेला. चौथी गोष्ट बहुतेक लोक सोडून देतात, आणि जुन्या कर्माजीव नियमात तर तीच मुख्य आहे, दशमेश ज्या नवमांशात आहे त्या राशीचा स्वामी उपजीविका दाखवतो असं तो नियम सांगतो. राशीकुंडलीत गरीब दिसणारा दशमेश नवमांशात राजा निघतो आणि उलटही होतं.

आणि साखळी बघा. दशमेश ज्याच्या घरी बसलाय तो मालक कुठे आहे? तो ज्याच्या घरी आहे तो कुठे आहे? दोन-तीन पावलांत ही साखळी एखाद्या ग्रहावर येऊन थांबते जो स्वतःच्याच राशीत आहे, किंवा दोघांमध्ये फिरत राहते. ती जिथे थांबते त्या ग्रहाचा व्यवसायात मोठा वाटा असतो, हे मला अनुभवाने पटलेलं आहे. मित्राच्या मुलाच्या बाबतीत मी ही साखळी बघितली असती तर ती चंद्रावर थांबली असती, बुधावर नाही. (तो आता हॉटेलच्या किचनमध्ये आहे आणि मजेत आहे.)

लग्नावरून झालं की चंद्रावरूनही दहावं बघा. चंद्र ज्या घरात आहे ते पहिलं धरून दहावं मोजायचं. दोन्हीकडून एकच ग्रह पुढे आला तर त्याचं वजन दुप्पट धरा.

बुध काय सांगतो आणि काय नाही

बुध म्हणजे मेंदू तुकडे कसे हाताळतो ते. आकडे, अक्षरं, खुणा, तुलना, हिशेब, भाषा, हातातलं बारीक काम. बुधावरून मी "कुठलं क्षेत्र" असं विचारत नाही, "हे मूल शिकतं कसं" असं विचारतो. बुध मंगळासोबत असेल तर मूल वाद घालून, सोडवून, मोडून शिकतं. शनीसोबत किंवा शनीच्या दृष्टीत असेल तर हळू शिकतं, पुन्हा पुन्हा तपासतं, पण शिकलेलं विसरत नाही. चंद्रासोबत असेल तर ऐकून आणि गोष्टीतून शिकतं, आणि मूड गेला की पुस्तक बंद. शुक्रासोबत असेल तर मांडणी, रंग, डिझाईन, बोलणं.

बुध अस्तंगत आहे म्हणून घाबरणारे पालक खूप भेटतात. बुध सूर्यापासून जास्तीत जास्त २८ अंशच लांब जाऊ शकतो आणि १४ अंशांच्या आत आला की त्याला अस्त म्हणतात, वक्री म्हणजे आकाशात उलटा जाताना दिसत असेल तर १२ अंश, म्हणजे वर्षातला बराच काळ तो अस्तच असतो आणि तेव्हा जन्मलेली सगळी मुलं मठ्ठ असती तर शाळा बंद कराव्या लागल्या असत्या. अस्तंगत बुधाचं माझ्या बघण्यात येणारं लक्षण वेगळंच आहे, मुलाला येत असतं पण ते स्वतःचं म्हणून मांडायला कचरतं, वडील किंवा सर जे म्हणतील तेच आपलंही मत असं होतं. वक्री असेल तर तेच गणित दोनदा करतं, उत्तर खोडतं, परत तेच लिहितं.

गुरूचं काम वेगळं

बुध तुकडे देतो, गुरू त्याला अर्थ देतो. नियम, तत्त्व, कायदा, सल्ला, शिकवणं, औषध, पैशाचं मोठं नियोजन, हे सगळं गुरूकडे. गुरूची तो बसलाय त्या घरापासून मोजून ५, ७ आणि ९ या घरांवर दृष्टी असते आणि नवीन लोकांनी गुरू कुठे बसलाय यापेक्षा तो कुठे बघतोय ते आधी लिहावं, कारण गुरू ज्या घराकडे बघतो तिथे मदत मिळते असं मानतात. गुरू चौथ्या, पाचव्या किंवा दहाव्याकडे किंवा दशमेशाकडे बघत असेल तर उच्च शिक्षण पूर्ण होण्याकडे कल असतो, वर्ष वाया गेलं तरी शेवटाला जातो.

बुध बलवान आणि गुरू कमजोर असेल तर मूल हुशार पण लांबच्या अभ्यासात कंटाळतं, त्याला छोटे कोर्सेस, स्किल, लवकर हातात काम असं बरं पडतं. गुरू बलवान आणि बुध कमजोर असेल तर समज चांगली पण परीक्षेत मार्क जातात, ऑब्जेक्टिव्ह पेपरात तर हमखास. हा फरक आज फार कामाचा आहे कारण सीईटी, जेईई, नीट हे सगळे बुधाचे पेपर आहेत, घड्याळाशी शर्यत, आणि वकिलीतला युक्तिवाद किंवा थिसिस हे गुरूचे.

आता भाचीची पत्रिका

जन्म ऑक्टोबर २००८, सांगली, रात्री ९:२०. लग्न वृषभ १० अंश. पाचव्यात कन्येत रवी १८ अंश आणि बुध २१ अंश, बुध वक्री. सहाव्यात तुळेत शुक्र आणि मंगळ. सातव्यात वृश्चिकेत चंद्र, ज्येष्ठा नक्षत्राच्या शेवटाला. आठव्यात धनूत गुरू. चौथ्यात सिंहेत शनी २२ अंश. राहू नवव्यात मकरेत, केतू तिसऱ्यात कर्केत.

ताईने मे २०२४ मध्ये दहावीच्या निकालाच्या वेळी ही पत्रिका माझ्यापुढे ठेवली. घरात ठरल्यासारखंच होतं, सायन्स घ्यायचं, लातूरला क्लास लावायचा, मग नीट. दाजींचं म्हणणं, ८९ टक्के पडलेत तर डॉक्टरच करू. पोरगी गप्प. तिच्या आधीच्या ज्योतिषांनी सांगितलेलं की गुरू आठव्यात म्हणजे शिक्षणात अडथळे, शनी चौथ्यात म्हणजे शिक्षणाला खीळ, बुध उच्चीचा पण अस्तंगत म्हणजे फुकट. तीनही वाक्यं एकेकटी खरी वाटतात आणि एकत्र वाचली की साफ चुकीची.

पहिली पायरी, वेळ. हॉस्पिटलच्या कार्डावर ९:२० होतं. दहा मिनिटं मागेपुढे करून बघितलं, वृषभ लग्न काही हलत नाही, सगळे ग्रह त्याच घरात राहतात. दशमांशाचं लग्न मात्र मेषेचं येतं आणि ९:२८ च्या आसपास ते वृषभ होतं, म्हणजे आठ मिनिटांची चूक असली तरी बदलणार. त्यामुळे दशमांशाच्या लग्नावर मी एक अक्षरही बोललो नाही.

दुसरी पायरी, दशमेश. वृषभ लग्नाला दहावी कुंभ, स्वामी शनी, आणि तोच नवव्याचाही मालक, म्हणून या लग्नाला शनी योगकारक, सगळ्यात कामाचा ग्रह. बसलाय चौथ्यात, सिंहेत, शत्रूच्या घरी. इथपर्यंत वाचून लोक थांबतात. पण तो तिथून सातव्या दृष्टीने आपल्याच दहाव्या घराकडे बघतोय, म्हणजे मालक समोरच्या ओट्यावर बसून आपल्या घरावर नजर ठेवून आहे. दहाव्या दृष्टीने लग्नाकडे बघतोय आणि तिसऱ्या दृष्टीने सहाव्यातल्या शुक्राकडे, आणि तो शुक्र लग्नाचा मालक. आणि नवमांशात हा शनी तुळेत जातो, म्हणजे उच्चीचा. सिंहेत २० अंशांपासून २३ अंश २० कलांपर्यंत तुळेचा नवमांश असतो, शनी २२ वर आहे, मधोमध, वेळ थोडी चुकली तरी हा बदलत नाही. कर्माजीवाच्या नियमाने इथे तुळेचा मालक शुक्र पुढे येतो, त्याच्याकडे जुन्या मांडणीत रत्नं, चांदी, गुरंढोरं म्हणजे एका अर्थाने संपत्ती येते.

साखळी: शनी रवीच्या घरी, रवी बुधाच्या घरी कन्येत, आणि बुध स्वतःच्याच घरी. साखळी बुधावर थांबली. चंद्रावरून बघा, चंद्र वृश्चिकेत, त्यापासून दहावी सिंह, तिथे पुन्हा तोच शनी, आणि सिंहेचा मालक रवी पुन्हा बुधासोबत. दोन्ही बाजूंनी शनी आणि बुध, शनी आणि बुध. हे मी कागदावर लिहिलं तेव्हा मला स्वतःला बरं वाटलं, कारण एवढं स्वच्छ उत्तर क्वचित येतं.

तिसरी पायरी, बुध. पाचव्याचा मालक पाचव्यात, स्वराशी, उच्चराशी. पण रवीपासून जेमतेम तीन अंशांवर, अस्तंगत आणि वक्री. मी भाचीला विचारलं, "गणिताचं उत्तर आल्यावर परत करून बघतेस का?" तर ताईच म्हणाली, "अरे दोनदा नाही, तीनदा करते, म्हणून पेपर अपुरा राहतो." वक्री बुध जसा सांगितला तसा. अस्तंगत बुधाचं लक्षणही होतंच, वडील समोर बसलेले आणि पोरगी एक शब्द बोलेना. तिला मी स्वयंपाकघरात नेलं आणि चहा करता करता विचारलं की तुला काय करायला आवडतं खरं, तर म्हणाली, "मामा, मला आईची भिशीची वही लिहायला आवडते." बावीस बायकांची भिशी, ताई वही लिहिते आणि दर महिन्याला पोरगी ती जुळवते, एकदा ३४० रुपयांचा फरक येत होता तर ही रात्री साडेअकरापर्यंत बसली आणि कुणाचा हप्ता दोन महिन्यांपूर्वी दोनदा चढवलेला ते शोधून काढलं. हे सांगताना तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

चौथी पायरी, गुरू. आठव्यात धनूत, स्वतःच्या घरी. वृषभ लग्नाला गुरू आठव्याचा आणि अकराव्याचा मालक म्हणून त्याला चांगला धरत नाहीत आणि ते मी नाकारत नाही. पण आठवं म्हणजे नुसता अडथळा नाही, दुसऱ्याचा पैसा हे आठव्याचं. विमा, कर, वारसा, कर्ज, लपलेलं शोधणं, ऑडिट. इथला गुरू सातव्या दृष्टीने दुसऱ्या म्हणजे धनस्थानाकडे बघतो आणि नवव्या दृष्टीने चौथ्यातल्या शनीकडे, म्हणजे दशमेशाकडे. आता जोडा: कष्टाळू तपासणारा शनी, आकड्यात घर केलेला बुध, आणि दुसऱ्याच्या पैशाच्या घरातून शनीला बघणारा गुरू. भिशीची वही म्हणजे दुसरं काय आहे?

आणि डॉक्टरकी? सहाव्यात शुक्र-मंगळ आहेत, सहावं रोगाचं, त्यामुळे ते अगदीच नाही असं मी म्हणालो नाही. पण दशमेशाची साखळी तिकडे जात नाही, मंगळाचा दशमेशाशी संबंध फक्त शनीच्या तिसऱ्या दृष्टीचा, आणि मुलीला जीवशास्त्रात सगळ्यात कमी मार्क. दाजींना हे मार्कांवरून जास्त पटलं, पत्रिकेवरून कमी, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही.

दशा: कधी काय झेपेल

क्षेत्र ठरलं तरी वेळ बघायचीच. महादशा म्हणजे एकेका ग्रहाच्या अंमलाचा काळ, आणि ज्येष्ठा नक्षत्र म्हणजे जन्मवेळी बुधाची महादशा, शिल्लक साधारण पावणेदोन वर्षं. मग केतूची ७ वर्षं, मग जुलै २०१७ पासून शुक्राची २० वर्षं. सगळं शिक्षण शुक्राच्या महादशेत, आणि शुक्र लग्नाचा मालक सहाव्यात स्वराशीत, सहावं म्हणजे स्पर्धा, नोकरी, रोजचं काम. त्यामुळे स्पर्धा परीक्षेच्या वाटेला घाबरायचं कारण नाही.

महादशेच्या आतले छोटे काळ म्हणजे अंतर्दशा, त्या अशा येतात. सप्टेंबर २०२४ ते सप्टेंबर २०२७ राहू, मग मे २०३० पर्यंत गुरू, मग जुलै २०३३ पर्यंत शनी, आणि मे २०३६ पर्यंत बुध. राहू नवव्यात मकरेत, शनीच्याच घरी, म्हणून तो शनीचं काम उचलतो पण त्याचा स्वभाव भरकटवणारा, या तीन वर्षांत मन दहा वाटा बघतं, मैत्रिणी जे करतील ते करावंसं वाटतं. म्हणून मी ताईला सांगितलं की या काळात क्लास बदलाबदली नको आणि घरापासून लांब हॉस्टेल तर नकोच, एक गोष्ट धरून ठेवा.

आम्ही ठरवलं ते असं. अकरावी कॉमर्स, पण गणित ठेवूनच, ही अट मी घातली कारण कन्येचा बुध गणित सोडून वाया घालवणं मला सहन झालं नसतं. बारावीनंतर सीए फाउंडेशन, आणि पर्याय म्हणून बीएस्सी स्टॅटिस्टिक्स किंवा ॲक्च्युअरीची प्रवेश परीक्षा, कारण विमा हे आठव्याच्या गुरूचं अगदी नेमकं काम आहे. सीएची आर्टिकलशिप आता दोन वर्षांची आहे, इंटरमीजिएट वेळेत झालं तर ती गुरूच्या अंतर्दशेत पडते, आणि शेवटचा टप्पा व पहिली नोकरी दशमेश शनीच्या अंतर्दशेत. शनी उशीर करतो, म्हणून पहिल्या अटेम्प्टला फायनल नाही झाली तर हाय खायची नाही हे आधीच बोलून ठेवलंय.

फाउंडेशनमध्ये चार पेपर असतात, त्यातले गणिताचा आणि अर्थशास्त्राचा ऑब्जेक्टिव्ह, चुकीला मार्क कापतात. तीनदा तपासणाऱ्या वक्री बुधाला इथेच धोका. म्हणून उपाय म्हणून मी पाचूबिचू काही सांगितलं नाही, घड्याळ लावून रोज वीस प्रश्न सोडवायला सांगितले, एकदाच तपासायचं आणि पुढे जायचं. बुधवारचा उपवास ताईने स्वतःहून धरला, धरू दे.

कुठे थांबायचं

पत्रिकेवरून मूल हुशार आहे का हे सांगायला जाऊ नका. पुण्यात जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांनी २००८ साली एक चाचणी घेतली होती, हुशार मुलांच्या १०० आणि मतिमंद मुलांच्या १०० पत्रिका जमवून त्यातल्या चाळीस-चाळीस ज्योतिषांना दिल्या, फक्त पत्रिका, बाकी काही माहिती नाही. २७ ज्योतिषांची उत्तरं आली आणि बरोबर निघाली सरासरी ४६ टक्के, म्हणजे नाणं उडवलं असतं तरी एवढीच आली असती. या विषयावर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाने हा आकडा माहीत करून घ्यावा असं मला वाटतं, मला तो वाचून वाईट वाटलं होतं पण त्यामुळेच मी बदललो. आता मी नुसत्या कागदावरून काही सांगत नाही. मुलाला समोर बसवतो, पत्रिकेतून जे दिसतं त्याचे प्रश्न करतो आणि त्याच्या तोंडून उत्तर येतं का बघतो. भाचीच्या बाबतीत निर्णय बुधाने नाही, भिशीच्या वहीने झाला, बुधामुळे मला तो प्रश्न विचारायचं सुचलं एवढंच.

म्हणून तुम्ही करताना पत्रिका वाचून झाली की तीन-चार प्रश्न लिहून काढा आणि मूल एकटं असताना विचारा, आईवडील समोर नकोत. दशमेश जे सांगतो त्याची एकही खूण मुलाच्या वागण्यात, मार्कांत, आवडीत सापडत नसेल तर आधी जन्मवेळ परत तपासा, आणि वेळ बरोबर असेल तर मुलाचं ऐका, पत्रिका मिटवा. आणि फी, घरची परिस्थिती, गावात कॉलेज आहे का, हे कुठल्याच ग्रहाकडे विचारू नका, ते वहीत मांडा.

भाची आता बारावी कॉमर्सची परीक्षा देऊन मोकळी झालीय. फाउंडेशनचा फॉर्म भरलाय. रोजच्या वीस प्रश्नांना सुरुवातीला पन्नास मिनिटं लागायची, मागच्या आठवड्यात ताईने सांगितलं की सव्वीस मिनिटांवर आलंय, आणि भिशीची वही अजून तिच्याकडेच आहे.